लव, मिशी आणि एक ट्यूब

ओठावरच्या केसांना मराठीत दोन नावं आहेत. मुलगी शाळेत असते तोवर ती ‘लव’ असते. लग्नाचं बोलणं निघालं की त्याच केसांची ‘मिशी’ होते. मधल्या वर्षांत केस फारसे वाढलेले नसतात, फक्त स्थळांना पाठवायचा फोटो काढायचं ठरलेलं असतं.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये हे नामांतर बहुधा गुजरातीत होतं. भुवया करून झाल्या की पार्लरवाल्या बेन आरसा पुढे धरतात आणि सहज विचारतात, “अपर लिप पण करी दउं ने?” त्या प्रश्नाला ‘नको’ म्हणायला फार धीर लागतो. कारण आरसा हातात असतो, उजेड तोंडावर असतो आणि शेजारच्या खुर्चीतली बाई बघत असते.

दोरा फिरवण्याचं काम बघायला सोपं वाटतं, पण त्यात कसब आहे. सुती दोऱ्याचं एक टोक दातांत धरून बाकीच्याला दोन्ही हातांत पीळ द्यायचा आणि तो पीळ पुढे-मागे सरकवत केस मुळासकट उपटायचे. कपाळाची कातडी हाडावर ताणलेली असते, ओठावरची मात्र सैल. म्हणून बेन सांगतात, “जीभ अंदरथी दबावो.” जीभ वरच्या ओठाच्या आतून नीट दाबली नाही, तर दोऱ्यात केसाबरोबर कातडीही अडकते आणि बारीक सोलवटतं. हातात ब्लेड नाही, दोरा असतो, म्हणून कापलंय असं वाटत नाही; घरी जाऊन तोंड धुतलं की चुरचुरतं. केस दोन-तीन आठवड्यांत परत येतात, कारण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. दोरा फिरला त्या दिवशी जे कातडीच्या खाली होते, ते पुढच्या पंधरवड्यात वर डोकावतात. आई म्हणते, “बघ, आता दाट येतात.” दाट येत नाहीत, फक्त आता रोज आरशात शोधले जातात.

ज्यांना दोऱ्याचं दुखणं सोसत नाही त्या ब्लीच करतात. ब्लीचने केस जात नाहीत, केसातला काळा रंग जातो. क्रीममधला हायड्रोजन पेरॉक्साइड तो रंग तोडतो आणि सोबतच्या पुडीतली पावडर त्याला जोर देते. चमचाभर क्रीमला दोन-तीन चिमूट पावडर पुरते. नुसत्या ओठावर लावायचं तर हरभऱ्याएवढी क्रीम आणि पावडर नखाच्या टोकाएवढी. कालवायला प्लॅस्टिकची वाटी घ्यायची, कारण धातू लागला तर पेरॉक्साइड तिथेच फसफसून वाया जातो. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. हे सगळं डब्यावर छापलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही.

गडबड दोन ठिकाणी होते. एक, केस लवकर सोनेरी व्हावेत म्हणून पावडर अंदाजाने जास्त पडते. दुसरी गडबड जास्त वाईट. सकाळी दोरा फिरवला, दोन-चार केस राहिले, म्हणून त्याच संध्याकाळी वरून ब्लीच. सोललेल्या कातडीवर ब्लीच म्हणजे जखमेवर चुना. लाल होतं, जळजळतं, दोन दिवस खपली धरते. गोऱ्या युरोपियन कातडीवर ही लाली बहुधा तशीच उतरते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीची सवय वेगळी आहे. तिला भाजलं, चिरलं, चिमटलं की त्या जागी ती रंग साठवते. महिनाभरात ओठावर तपकिरी पट्टा उमटतो. केस सोनेरी झालेले असतात, पण मिशीचा आकार कातडीवर उतरलेला असतो, आणि तो दोऱ्याने निघत नाही.

इथून बाई पार्लरमधून औषधाच्या दुकानात जाते. “इथे काळं पडलंय, काहीतरी द्या.” काउंटरवर एक छोटी ट्यूब येते. चिठ्ठी मागितली जात नाही.

त्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत साधारण तीन नावं असतात: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. पहिलं कातडीला रंग तयार करू देत नाही, दुसरं वरचा थर लवकर झडवतं आणि तिसरं आहे स्टिरॉइड. हे मिश्रण वाईट नाही. वांगाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ ते मोजके आठवडे, रात्री, फक्त डागावर लावायला देतात आणि मग थांबवतात. ‘मोजके आठवडे’, ‘फक्त डागावर’ आणि ‘थांबवणं’ या तीन गोष्टी काउंटरवरून ट्यूबबरोबर येत नाहीत. २०१८ मध्ये सरकारने कित्येक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसं छापलेलंही असतं, ब्लीचच्या डब्यावरच्या सूचनांइतक्याच बारीक अक्षरांत.

ट्यूब मनात घर करते, कारण ती काम करते, आणि लवकर करते. स्टिरॉइडमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तो भाग पांढुरका दिसू लागतो. स्टिरॉइड किती जोरदार आहे हे प्रयोगशाळेत याच पांढरेपणावरून मोजतात. म्हणजे आठ-दहा दिवसांत जी ‘चमक’ येते, तिच्यातला बराच भाग रक्त कमी पोचल्याचा असतो. खरा डाग त्वचेच्या गतीने जातो. वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो आणि असा पट्टा फिका व्हायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. ट्यूब दहा दिवसांचं बोलते आणि घरातलं कॅलेंडरही दहा दिवसांचंच असतं. नवरात्रात पाठमोकळी चणियाचोळी घालायची, त्याआधी पाठीचं वॅक्स आणि ब्लीच, दसऱ्यानंतर स्टुडिओत फोटो, दिवाळीत मंडळी बघायला येणार. बायोडेटातही मराठीने रंगाची शिडी तयार ठेवली आहे: गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी. ट्यूबकडून अपेक्षा एवढीच असते की ‘गहूवर्णी’च्या जागी ‘निमगोरी’ लिहिताना हात अडखळू नये. ‘मुलगी पसंत आहे’ हे वाक्य ज्या दुपारी म्हटलं जाणार, त्या दुपारपुरता तो रंग टिकला की झालं.

लोकांना ठाऊक आहे की हे बरोबर नाही. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ आलं आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला ‘फेअर’ गेला. त्याच वर्षी एका मोठ्या लग्नाच्या संकेतस्थळाने वर्णाप्रमाणे स्थळं गाळायची सोयही काढली. शब्द गेले तरी काउंटरवरची ट्यूब राहिली. उलट फेअरनेस क्रीमला नावं ठेवणाऱ्या घरातही ती सापडते, कारण ती ‘औषध’ असते.

आता गंमत बघा. पट्ट्यापुरती आणलेली ट्यूब ‘चांगली चमक येते’ म्हणून पूर्ण चेहऱ्यावर लागू लागते. दोन-तीन महिने जातात. स्टिरॉइडने कातडी पातळ होते, गालांवर लाल तारा दिसू लागतात, हनुवटीवर एकसारखे बारीक पुरळ येतात. आणि गालांवर, कल्ल्यांपाशी, हनुवटीवर नवी लव येते, कारण चेहऱ्यावर दीर्घकाळ लावलेल्या स्टिरॉइडचा तो नेहमीचा परिणाम आहे. मिशीच्या खुणेवर आणलेलं औषध दाढीची सोय करून देतं. मग त्या केसांना दोरा, दोऱ्यावर ब्लीच, ब्लीचचा पट्टा, पट्ट्यावर ट्यूब. पार्लर आणि औषधाचं दुकान एकाच गल्लीत असेल तर फेरा फार लांबचा पडत नाही.

ट्यूब स्टिरॉइडची आहे का, हे घरी ओळखता येतं. घटकांच्या नावांची शेपटं बघायची: मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’ दिसलं की चेहऱ्यावर लावण्याआधी थांबायचं. दुसरी खूण अंगावरच कळते. दोन-चार दिवस लावायचं राहिलं आणि चेहरा लालबुंद होऊन जळायला लागला, उन्हात, चुलीपाशी जास्तच, तर कातडीला तिची सवय लागली आहे. इथे बहुतेकजणी समजतात की ‘क्रीम बंद केलं म्हणून बिघडलं’, आणि पुन्हा लावतात. ती लाली ट्यूबने आलेली असते, पण ट्यूबनेच दबते. म्हणून दोष कुणाचा हे उलटं दिसतं. अशी सवय लागली असेल तर तज्ज्ञांना ट्यूब नेऊन दाखवायची. कशी सोडायची हे ते ठरवतात. वाईट आठवडे बरेच निघतात, मग कातडी सावरते आणि नवे आलेले केसही बहुधा हळूहळू विरळ होतात.

मुळात मिशी होती का, हाही प्रश्न आहेच. बायकांच्या अंगावरचे केस मोजायची डॉक्टरांची एक पद्धत आहे. ओठ, हनुवटी, छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या अशा नऊ जागा, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. बेरीज साधारण आठ किंवा त्याहून जास्त झाली की ते ‘जास्त’ धरतात आणि हॉर्मोनच्या तपासण्या सुचवतात. नुसत्या ओठावरच्या केसांना कितीही गुण दिले तरी चारच होतात, म्हणजे या परीक्षेत ती मिशी नापास. पार्लरच्या परीक्षेत मात्र तिला पहिल्याच फेरीत पूर्ण गुण. हनुवटीवर जाड, राठ केस असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर तिथे दोऱ्याआधी तपासणी करायला हवी.

शेवटी फेऱ्याला कंटाळून लेसरचा विचार होतो. लेसर केसातल्या काळ्या रंगाला धरून मुळापर्यंत जातो. ब्लीच केलेल्या सोनेरी केसात त्याला धरायला काही नसतं, आणि दोऱ्याने उपटलेल्या केसाचं मूळच जागेवर नसतं. चेहऱ्यावरच्या अगदी बारीक लवेवर लेसर मारला तर कधी कधी केस उलट वाढतातही, आणि आपल्यासारख्या वर्णात हा धोका जास्त. म्हणून चांगल्या दवाखान्यात आधी विचारतात की कातडी ट्यूबमधून पूर्ण सावरली का, आणि चार आठवडे दोरा, वॅक्स, ब्लीच सगळं बंद ठेवायला सांगतात. महिना-महिनाभराच्या अंतराने सहा ते आठ बैठका होतात, आणि हॉर्मोनचं कारण असेल तर त्यानंतरही अधूनमधून.

त्या चार आठवड्यांत केस दिसायला नको असतील तर एकच गोष्ट चालते, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तर ती करायलाच लागते: रेझर. कातडीच्या वरचा केस कापायचा, मूळ तसंच ठेवायचं. कापलेल्या केसाचं टोक बोथट राहतं म्हणून हाताला राठ लागतो, पण संख्या आणि जाडी तीच राहते. पूर्ण चेहऱ्याला स्टिरॉइड फासू देणाऱ्या घरात नेमका याच वस्तूला विरोध होतो. आजी म्हणते, “वस्तरा पुरुषांचा. बाईच्या तोंडाला लावायचा नसतो.”