हळद लाल झाली की थांबा

"काकू, शुद्ध लोकरीच्या स्वेटरवर रस्सा सांडलाय. घरी धुतला तर डाग जाईल का? आणि आटणार तर नाही ना?"

आधी साबण बघा. डागाकडे नंतर वळू.

थंडी पडली, लग्नसराई आली की मला हे विचारणारे वाढतात, आणि माझ्याकडे येईपर्यंत निम्म्या जणांनी स्वेटरवर धुण्याची पावडर टाकून झालेली असते. वर पुन्हा "आमचा दुसरा स्वेटर मशीनमध्ये टाकतो, त्याला काही होत नाही" हेही ऐकवतात. तो दुसरा स्वेटर बहुतेक ॲक्रिलिकचा असतो. दुकानात लोकर म्हणून मिळणारे बरेच गुंडे ॲक्रिलिकचेच असतात, आणि ॲक्रिलिक असं आटत नाही. आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर खरी लोकर. धागा वितळून टणक काळा मणी झाला, तर ॲक्रिलिक, आणि मग पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. काही खरी लोकरही कारखान्यातच प्रक्रिया करून मशीनमध्ये धुण्याजोगी केलेली असते, पण तसं लेबलावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर तसं धरून चालू नका.

खऱ्या लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेने कललेले. कोरड्या कपड्यात त्यांचा त्रास नसतो. ओल्या लोकरीला उष्णता आणि साबण-सोड्यातला खार लागला की धागा फुगतो, खवले उचलतात, आणि त्यात तुम्ही चोळलंत की प्रत्येक धागा एकाच दिशेने सरकत शेजारच्यात अडकत जातो. खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही. काश्मीरचा नमदा मुद्दाम असाच करतात: लोकर, गरम पाणी, साबण आणि भरपूर लाटणं. म्हणजे गरम पाण्यात पावडर कालवून ब्रशने घासणं ही धुण्याची नव्हे, नमदा करण्याची कृती आहे. यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार घासणं. पाणी थोडं जास्त कोमट झालं आणि स्वेटर नुसता पडून राहिला तर बहुधा निभावतं. गार पाण्यात जोरात चोळलात तर निभावेलच असं नाही.

आता एक स्वेटर सविस्तर सांगते, कारण त्यात सगळ्या चुका ओळीने आहेत. दुधी रंगाचा, हाताने विणलेला, शुद्ध लोकरीचा. पंगतीत छातीवर रस्सा सांडला, वाटीच्या तोंडाएवढा डाग. रश्शात तेल, हळद, तिखट, कांदा-लसूण मसाला. घरच्यांनी लगेच ओल्या रुमालाने खसाखसा पुसलं. त्याने तेल आणि हळद विणीच्या आत गेली आणि डाग दीडपट झाला. घरी आल्यावर गरम पाणी, त्यात धुण्याची पावडर. पाणी लागताच पिवळा डाग लालबुंद झाला. रंग पसरतोय की काय म्हणून सगळे घाबरले, आणखी पावडर टाकली, कपड्यांचा ब्रश घेतला. लाल काही जाईना. मग कुणीतरी व्हिनेगर ओतलं, डाग पुन्हा पिवळा झाला, सगळ्यांना वाटलं उतार पडला. धुतल्यावर पिळून दोरीवर, उन्हात. दोन दिवसांनी डाग खरंच फिकट झाला होता. पण छातीवर तळहाताएवढी जागा जाड, कडक, वीण न दिसणारी झाली होती. तेवढीच जागा आटली, बाजूची नाही, म्हणून तिच्याभोवती चुण्या पडल्या होत्या. खाली उरलेल्या पाण्याच्या वजनाने घेर लोंबला होता. एकाच स्वेटरात आटणं आणि ताणणं दोन्ही.

लोक मला विचारतात, "मग आता काय करायचं?" ताणलेला घेर कोमट पाण्यात भिजवून, आडवा पसरून, हाताने मापात बसवून बराचसा परत येतो. छातीची जागा येत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. ओला करून हलक्या हाताने ताणल्यावर टाका न् टाका दिसत असेल, तर तो नुसता आखडलाय, वाचेल. टाके एकमेकांत विरून कापडासारखं सपाट झालं असेल, तर गेला. केसांचा कंडिशनर लावून भिजवा म्हणतात. त्याने धागा थोडा मऊ होतो, अडकलेले खवले सुटत नाहीत.

त्या लाल रंगात खरं तर सगळं उत्तर होतं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे सांगलीत कुणाला शिकवायला नको. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. खार लागला की हळद लाल होते. डाग लाल झाला याचा अर्थ एवढाच, की तुमच्या साबणात लोकरीला नको तितका खार आहे. डाग वाढलेला नसतो, पक्काही झालेला नसतो. डाग तुम्हाला सांगत असतो, थांबा. व्हिनेगरने तो पुन्हा पिवळा होतो, कारण खार मारला जातो. हळद कुठेही गेलेली नसते.

म्हणून स्वेटर ओला करण्याआधी साबणाची ही परीक्षा करा. चिमूटभर हळद चमचाभर पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा आणि वाळू द्या. वापरायचा साबण जितका पातळ करणार तितकाच पातळ करून त्याचा थेंब त्यावर टाका. पिवळं पिवळंच राहिलं तर चालेल. लालसर तपकिरी झालं तर तो साबण सुती कपड्यांना ठेवा. धुण्याच्या बहुतेक पावडरी, अंगाचा साबण आणि धुण्याचा सोडा इथे नापास होतात. लोकरीसाठीचं लिक्विड आणि रिठ्याचं पाणी सहसा पास होतं. दुधी-पांढऱ्या स्वेटरला मात्र रिठा नको, त्याचा तपकिरी रंग चढू शकतो. या परीक्षेची एक मर्यादा लक्षात ठेवा. ती फक्त खार सांगते. काही साबणांत दूध-अंड्याचे डाग पचवणारी एन्झाइम असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिनांची असल्याने ती लोकरीलाही खातात. ते कागदावर दिसणार नाही, डब्यावर वाचावं लागेल. आणि क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही. त्याने लोकर पिवळी पडते आणि विरघळायला लागते.

आता तोच रस्सा नीट काढायचा तर कसा. सांडल्या सांडल्या चमच्याच्या कडेने वरचेवर उचलून घ्या. मग कोरडं सुती कापड ठेवून दाबा. पुसू नका, दाबा आणि उचला. घरी आल्यावर स्वेटर आडवा पसरून डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअरचा जाड थर द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी झटका. तेल आधी काढायचं कारण असं, की हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेल धाग्यात राहिलं की हळदही राहते.

उरलेल्या तेलासाठी परीक्षेत पास झालेल्या लिक्विडचे दोन-तीन थेंब डागावर टाकून बोटाच्या पेराने हलकं दाबत राहा. दहा मिनिटांनी कोमट पाण्याने तेवढीच जागा धुवा. पिवळं उरेलच. मग स्वेटर वाळवून उलटा करा, डागाखाली पांढरं सुती कापड ठेवा, आणि मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन मागून टिपा. हळद स्पिरिटमध्ये विरघळते आणि खालच्या कापडावर उतरते. कापड पिवळं झालं की दुसरी स्वच्छ जागा घ्या. कापड पिवळं व्हायचं थांबलं की तुम्हीही थांबा. हे सगळं सुरू करण्याआधी आतल्या काठावर स्पिरिट लावून स्वेटरचा स्वतःचा रंग सुटत नाही ना ते बघायचं. आणि हे स्वयंपाकघरात, गॅसजवळ करायचं नाही.

मग पूर्ण धुणं. भिजवण्याआधी छाती, उंची, बाही टेपने मोजून लिहून ठेवा. नंतर कशाच्या मापात बसवणार? दहा लिटर पाणी, साधारण ३० अंश. हाताला हे गरम लागत नाही, किंचित गारच लागतं, आणि इथेच लोक आणखी गरम पाणी ओततात. लिक्विड बाटलीवर दिलंय तितकंच, आधी पाण्यात मिसळून घ्या. मग उलटा केलेला स्वेटर बुडवा आणि तळव्यांनी दाबत, सोडत दहा मिनिटं. नळाची धार थेट त्यावर सोडू नका. खळबळायला दोन पाणी, तितकंच कोमट. बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नका, खालून दोन्ही हातांचा आधार द्या, कारण भिजलेली लोकर जड असते आणि कोरडीपेक्षा कमकुवत असते. पिळायचं नाही. टॉवेलवर पसरायचं, टॉवेलसकट गुंडाळायचं, दाबायचं. मग कोरड्या चादरीवर, सावलीत, लिहिलेल्या मापात आडवा.

"एवढं कोण करतं?" असंही विचारतात. नका करू. पण मग डाग तसाच राहू द्या. डागाचा स्वेटर घालता येतो.

उन्हाचं माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आपल्या सगळ्या पांढऱ्या सदऱ्यांवर सिद्ध झालंय. स्पिरिटनंतर उरलेल्या फिक्या पिवळ्यावर ऊन हाच सगळ्यात सौम्य उपाय आहे. पण तेच ऊन पांढरी लोकर पिवळी करतं आणि धागा कमजोर करतं. बाकीचा स्वेटर झाकून फक्त डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवा, असं मी सांगते, आणि सांगताना दर वेळी वाटतं की सावलीच सांगायला हवी होती. गडद स्वेटरला तर ऊन नकोच, तिथे डागाबरोबर रंगही उडेल.

चहा, दूध, अंडं यांचं गणित वेगळं. तिथे गार पाणी, लगेच. गरम पाण्याने दूध-अंडं गोठून धाग्याला धरतं. साजूक तूप थंडीत थिजतं, ते नखाने नव्हे, चमच्याने खरवडा, बाकी टाल्कम पावडरीचा थर.

डाग जुना असेल, त्यावर इस्त्री फिरली असेल किंवा स्पिरिट लावताना स्वेटरचा रंग सुटला असेल तर घरी हात लावू नका, ड्रायक्लीनला द्या. तिथल्या द्रावणाने तेल जातं, पिवळं जाईलच असं नाही, म्हणून देताना डाग हळदीचा आहे हे सांगा. आणि त्यावर आधी काय काय लावून झालंय, तेही खरं सांगा.