रपटा बंद

सरांना मेसेज टाकायचा होता, साधाच, की पावसामुळे डेटा यायला उशीर होतोय. त्या एका मेसेजला मला दीड तास लागला. आधी "सर, इकडे खूप पाऊस आहे" असं टाइप केलं आणि पुसलं, कारण सर विदर्भातलेच, ते म्हणणार ऑगस्टमध्ये पाऊस नाही तर काय थंडी पडणार? मग "रस्ते बंद आहेत, थोडा उशीर होईल" असं लिहिलं, तर ते वाचून मलाच वाटलं की ही पोरगी गावी जाऊन झोपलीय.

माझं पीएचडीचं काम कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर आहे. वणीच्या पुढे झरी जामणीकडे सहा शेतं घेतलीत, एकेका शेतात दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाची ल्यूर लावून या अळीचे नर पतंग पिशवीत पकडायचे, आणि दर सोमवारी जाऊन पिशवीतले पतंग मोजायचे, आकडा लिहायचा, पिशवी रिकामी करायची. तीन शेतं नाल्याच्या अलीकडे, तीन पलीकडे, मधे रपटा, म्हणजे पूर आला की पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. त्या रविवारी रात्री पाऊस सुरू झाला तो थांबेच ना, सकाळी पलीकडच्या काकांचा फोन, "येऊ नका मॅडम, रपट्यावरून पानी चालू हाय, मानूस उभा राहत नाही." तलाठ्याला विचारलं तर मंडळात अतिवृष्टीची नोंद झालेली, म्हणजे चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर. अलीकडची शेतं केली कशीबशी, काळ्या मातीत चप्पल अशी रुतली की एक तिथेच सोडून आले. पलीकडचा सोमवार मात्र गेलाच.

आणि इथेच माझा मेसेज अडत होता. गावात घरोघरी फिरून प्रश्नावली भरायची असती तर उशीर हा नुसता उशीर असता, आज नाही तर पुढच्या आठवड्यात, माणूस कुठे जात नाही. सापळ्याचं तसं नसतं. पुढच्या सोमवारी पाणी उतरल्यावर गेले तर एका सापळ्यात 126 पतंग, शेवटची मोजणी होऊन चौदा दिवस झालेले, भागाकार केला तर रोजचे नऊ. आता आपल्याकडे फवारणीचा विचार कधी करायचा, तर सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले की. मग हे नऊ म्हणजे पातळी ओलांडली का? सांगताच येत नाही! धो-धो पावसाच्या रात्री दोनदोनच आले असतील आणि उघाड पडल्यावर वीस-वीस. सरासरीला पाऊस दिसत नाही, आणि मला तर पावसाचाच पतंगांशी संबंध बघायचाय. म्हणजे भोक नेमकं तिथेच पडलं जिथे बघायचं होतं, वर ते शेजारच्या आठवड्यांच्या सरासरीने बुजवायचं म्हटलं तर मीच माझं उत्तर लिहून टाकल्यासारखं.

दुसऱ्या सापळ्याची पिशवी तर अर्धी पाण्याने भरलेली. पतंग एरवी बोटाच्या नखाएवढे, राखाडी-तपकिरी, एकेक मोजता येतात. इथे पंखांवरची भुकटी धुऊन जाऊन सगळ्यांचा एक चिकट गोळा झालेला, वास विचारू नका. काडीने सोडवत बसले, 40 पर्यंत पोचले आणि पुढे मुंडकं कुठलं नि पंख कुठला कळेना. काका बांधावरून बघत होते. म्हणाले, "लिहून टाका ना पन्नास, कोन येते पाहाले." मोह झाला, खोटं कशाला बोलू.

या फेरीच्या आदल्या रात्री, म्हणजे नाला अजून भरलेलाच असताना, शेवटी सरांना जे पाठवलं ते असं होतं: "सर, सोमवारी सहापैकी तीन शेतांची मोजणी झाली, नाल्यापलीकडच्या तीन शेतांची झाली नाही, रपट्यावर पाणी होतं, फोटो जोडलाय. ती मोजणी उशिरा येणार नाही, ती गेली. पाणी उतरलं की जो आकडा मिळेल तो चौदा दिवसांचा म्हणून वेगळा लिहीन. त्याच आठवड्यात ल्यूर बदलायची होती, ती पण राहिली." शेवटी दोन्ही हात जोडलेला इमोजी टाकला होता, तो काढला.

निळ्या टिका आल्या आणि अर्धा तास काहीच नाही. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात दोनदा पीएचडी सोडली. मग रिप्लाय आला, "शून्य लिहू नकोस. जागा रिकामी ठेव, शेऱ्यात कारण लिही. काकांना रोज पिशवीचा फोटो काढायला सांगता येतो का बघ."

शून्य! हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एक्सेलच्या शीटमध्ये मी त्या सोमवारी तीन शेतांच्या सहाही सापळ्यांपुढे 0 टाकून ठेवलं होतं, नंतर बघू म्हणून. बाकी ग्राफवर तो आठवडा असा दिसत होता की पाऊस आला आणि बोंडअळी गायब. छान दिसत होता हो, अगदी छापण्यासारखा.

सहाही शून्यं खोडली, शेऱ्यात लिहिलं, रपटा बंद. काका आता रोज फोटो पाठवतात, म्हणजे टॉवरला लाइट असेल तेव्हा. पहिल्या फोटोत पिशवी कमी आणि त्यांचा अंगठाच जास्त होता.