मधली सुट्टी कुठे काढायची?

गणपतीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. दिवाळी झाली, दुसरं सत्र सुरू झालं, तरी नाही. सातवीतला मुलगा. आधी कित्येक दिवस त्याचा डबा कोणीतरी खाऊन टाकत होतं, त्याला नावं ठेवत होतं. मग एक दिवस तिघांनी त्याला स्वच्छतागृहात घालून बाहेरून कडी लावली आणि तास सुरू झाला तरी काढली नाही. चौकशी झाली, पालकांना बोलावणं गेलं, तिघांना समज मिळाली. शाळेच्या लेखी विषय संपला. घरी मात्र तो रोज गणवेश घालून पोट धरून बसायचा. डॉक्टरांच्या तपासणीत काहीच निघत नव्हतं.

शाळेची समुपदेशक म्हणून मी बैठक बोलावली, तेव्हा तिथे तीन उपाय आधीच तयार होते. वडील म्हणाले, "उद्यापासून पूर्ण वेळ सोडतो. सवय होईल." आईचं म्हणणं, त्या तिघांना शाळेतून काढा. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदाच तसा आहे. म्हणून त्यांची तुकडी बदलायची ठरली. मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर माफी आणि हातमिळवणी हवी होती. याला मी ठाम नकार दिला. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर समोरासमोर बसवून मिटवता येतं. इथे ज्यांनी कोंडलं त्यांच्यासमोर उभं राहून ह्यालाच "ठीक आहे" म्हणावं लागलं असतं, आणि त्याची वसुली जिन्यात झाली असती.

मुलाला मी शाळेचा साधा नकाशा काढायला लावला. फाटकापासून फाटकापर्यंत दिवसभर कुठे कुठे जातोस, आणि कुठे कसं वाटतं ते हिरव्या, पिवळ्या, लाल खडूने रंगव. वर्ग हिरवा निघाला, गणिताचा तासही. लाल होतं ते जिना, नळ, स्वच्छतागृह, मधली सुट्टी आणि एक सर जाऊन दुसरे येईपर्यंतची पाच मिनिटं. म्हणजे जिथे जिथे मोठं माणूस नसतं ती प्रत्येक जागा. आम्ही इतके दिवस बुडालेल्या अभ्यासाचं बोलत होतो!

मग योजना घड्याळावर लिहिली. सुरुवात सोमवारी करायची नाही, बुधवारी. पहिले काही दिवस फक्त तिसरा आणि चौथा तास, मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत घरी. ते सहज जमायला लागलं की मग मधली सुट्टी, तीही ग्रंथालयात पुस्तकं लावण्याच्या कामावर, त्यानेच निवडलेल्या दोन मुलांबरोबर. त्यानंतर परिपाठ, आणि सगळ्यात शेवटी शाळा सुटतानाची गर्दी. भरवशाचं माणूस कोण, असं विचारल्यावर त्याने माझं नाव घेतलं नाही, शिपाई मावशींचं घेतलं. बरोबरच होतं, व्हरांड्यात दिवसभर त्याच असतात. खिशात एक कार्ड दिलं. असह्य झालं की ते बाकावर ठेवायचं, कोणाला न विचारता मावशींकडे जायचं, दहा मिनिटांनी वर्गात परत. घरी मात्र नाही. पोट दुखलं की घर, हे एकदा जमून गेलं की दुसऱ्या दिवशी पोट आणखी लवकर दुखतं.

"कुठे होतास इतके दिवस?" याचं उत्तर आम्ही घोकून घेतलं: "बरं नव्हतं. आता आलोय. गणितात कुठवर आलंय?" शेवटी प्रश्न असला की बोलणं पुढे सरकतं. वह्या उतरवायच्या नाहीत, हेही शिक्षकांकडून कबूल करून घेतलं. गणित आणि इंग्रजीतलं अडेल तेवढंच, बाकीच्याच्या झेरॉक्स.

पहिल्याच दिवशी एका बाईंनी प्रेमाने "बघा कोण आलंय!" म्हणत वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. कौतुक नको, असं आधी सांगितलेलं होतं. कार्ड बाकावर आलं. दहा मिनिटांनी तो परतला, तेव्हा मला योजनेवर जरा विश्वास बसला.

पुढे हजेरी भरत गेली, सगळे खूश. तेवढ्यात आई सहज म्हणाली, पाण्याची बाटली रोज भरलेलीच येते. तो पाणीच पीत नव्हता, म्हणजे लघवीला जायला नको. त्याच्यासाठी शिक्षकांचं स्वच्छतागृह ठरवलं होतं, पण दुपारी त्याला कुलूप असायचं आणि किल्ली कार्यालयात. लिपिकाकडे जाऊन किल्ली मागणं त्याला जमणं शक्य नव्हतं. किल्ली मावशींच्या कमरेला गेली आणि प्रश्न सुटला. हजेरीपटावर हे कधीच दिसलं नसतं.

नाताळानंतरच्या सोमवारी पोट पुन्हा दुखलं. हे येणार, असं पालकांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याला तिसऱ्या तासाला आणलं, पण आणलं.

आता तो पूर्ण वेळ असतो. खालच्या स्वच्छतागृहात अजून जात नाही. तिथल्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकाव्यात, असं मी लेखी दिलंय. विषय शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत आहे.