माइक नाही, कॉन्टॅक्ट्स!

आमच्या ऑफिसमध्ये कुठलंही नवीन ॲप सगळ्यांच्या फोनवर टाकायचं म्हटलं की आधी ते माझ्याकडे येतं, कुठल्या परमिशन मागतंय आणि मिळाल्यावर काय करतंय हे बघायला. हजेरीचं एक ॲप मात्र मोठ्या घाईत टाकलं गेलं, रिव्ह्यू नंतर करू म्हणाले, आणि आठवडाभरात सेल्समधली एक मैत्रीण माझ्या टेबलाशी येऊन बसली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "अगं, हे ॲप माझं बोलणं ऐकतंय."

झालं असं होतं की ती एका काउन्सेलरकडे जाते, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. सकाळी त्यांच्याशी फोनवर बोलली आणि दुपारी त्याच काउन्सेलरना मेसेज गेला, अमुक अमुक हे ॲप वापरतेय, तुम्हीही तुमच्या क्लिनिकसाठी घ्या, तिच्या नावासकट! त्यांनीच तिला स्क्रीनशॉट पाठवला. सकाळचा कॉल आणि दुपारचा मेसेज, म्हणजे माइकच, असं तिने धरून चाललं होतं, आणि मला वाटतं कुणीही तसंच धरलं असतं.

पण मला माइक पटत नव्हता. अँड्रॉइड १० पासून साधा फोन कॉल चालू असताना दुसऱ्या ॲपने माइक उघडला तरी त्याच्या हाती नुसती शांतता लागते, आवाज कॉललाच जातो. शिवाय ॲप बंद असताना पाठीमागून अचानक माइक सुरू करणं अँड्रॉइड ९ पासूनच अडवलंय. परमिशन दिली म्हणजे काय, तर ॲप समोर उघडं असताना, किंवा समोर असताना सुरू केलेली सर्व्हिस मागे चालू ठेवून, ते रेकॉर्ड करू शकतं. हे दुसरं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ॲप मिनिमाइझ केलं म्हणून रेकॉर्डिंग थांबलंच असं नाही. पण अँड्रॉइड १२ पासून तेव्हा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते आणि वरून पट्टी खाली ओढून तिच्यावर टॅप केलं की कुठलं ॲप ते नावानिशी दिसतं. तिच्या फोनवर प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला. गेल्या २४ तासांत माइक फक्त फोन ॲपने वापरला होता.

मग टेस्टचा फोन घेतला. रिकामा, त्यात मी बनवलेले खोटे कॉन्टॅक्ट्स, प्रत्येकाला असं विचित्र नाव की कुठेही दिसलं तर लगेच ओळखू यावं, काहींना वाढदिवस, पत्ता, आणि एकाच्या नोट्समध्ये एक वाक्य. ॲप बाहेर काय पाठवतंय ते बघायला मध्ये प्रॉक्सी लावायची होती, पण अँड्रॉइड ७ पासून आपण टाकलेलं सर्टिफिकेट ॲप्स आपणहून मानत नाहीत, म्हणून व्हेंडरकडून ते मानणारा टेस्ट बिल्ड मागून घेतला. मागितल्या तेवढ्या सगळ्या परमिशन दिल्या, थोडा वेळ ॲप वापरलं, बंद केलं, आणि नंतर फोन कॉम्प्युटरला जोडून, कुठली परमिशन शेवटची कधी वापरली गेली ते दाखवणारी ही कमांड चालवली:

```
adb shell appops get com.example.hajeri
```

कामाच्या ओळी एवढ्याच:

```
FINE_LOCATION: allow; time=+11m20s ago
RECORD_AUDIO: foreground
READ_CONTACTS: allow; time=+2h41m ago
```

माइकच्या ओळीत वेळच नाही, म्हणजे परमिशन असून त्याला हातही लागलेला नाही. तो व्हॉइस नोटसाठी होता आणि मी ते बटण दाबलंच नव्हतं. कॉन्टॅक्ट्सची वेळ मात्र बरोब्बर मी परमिशन दिली त्या क्षणाची. प्रॉक्सीत बघितलं तर त्याच सेकंदाला एक मोठी रिक्वेस्ट गेलेली आणि त्यात माझी सगळी विचित्र नावं ओळीने, नंबर, ईमेल, पत्ते, वाढदिवस, आणि नोट्समधलं ते वाक्यसुद्धा जसंच्या तसं. ते वाक्य तिथे वाचताना मला खरंच राग आला, कारण त्या जागी लोक काय काय लिहून ठेवतात!

कॉन्टॅक्ट्सची परमिशन म्हणजे एखादा नंबर निवडू देणं नव्हे. आख्खी वही उघडी होते, तिच्यातल्या ज्या लोकांनी कधी ते ॲप बघितलंही नाही त्यांच्यासकट. आणि ॲपने वाचण्याबरोबर लिहिण्याची परवानगीही मागितली असेल तर दोन्ही एकाच गटातल्या, एकदा 'अलाऊ' केलं की दुसरी न विचारता मिळून जाते. माइकचं तसं नाही, तो वापरायला ॲपला प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग चालू करावं लागतं. कॉन्टॅक्ट्स एकदाच वाचले की काम झालं. नंतर सेटिंगमध्ये जाऊन परमिशन काढली तर पुढचं वाचणं थांबतं, पण सर्व्हरवर गेलेली प्रत तिथेच राहते, तिथे तुमच्या फोनचा हात पोचत नाही.

मेसेजचंही कोडं सुटलं. तो तिच्या फोनवरून गेलाच नव्हता, व्हेंडरच्या सर्व्हरवरून गेला होता, त्यामुळे एसएमएसची परमिशन लागलीच नाही. आठवड्यापूर्वीच वर गेलेल्या यादीतले नंबर घेऊन त्यांचं रेफरल चालू होतं, आणि काउन्सेलरचा नंबर सकाळच्या कॉलनंतर दुपारी लागला हा निव्वळ योगायोग. मैत्रिणीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ऐकलं नाही, आधीच नेलं होतं." अगदी तेच.

आता लोकेशन. वरच्या यादीत माइकपुढे foreground आहे आणि लोकेशनपुढे allow, हा फरक बघा. foreground म्हणजे वापरात असतानाच, allow म्हणजे कायम. अँड्रॉइड ११ पासून 'कायम'चा पर्याय साध्या पॉपअपमध्ये येतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवडावा लागतो, आणि व्हेंडरच्या माहितीपत्रकात चित्रं काढून नेमकं तेच करायला सांगितलं होतं. आता मागे पडलेल्या ॲपला सिस्टिम तासाला थोड्याच वेळा लोकेशन देते, पण माणूस रात्री कुठे असतो आणि कुठल्या दवाखान्यात तासभर बसतो हे कळायला तेवढं भरपूर झालं. हजेरीला अचूक लोकेशन लागतं हे मात्र मला मान्य आहे, अंदाजे लोकेशन साधारण ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातलं असतं, त्यावरून माणूस ऑफिसच्या दारात आहे की चार गल्ल्या पलीकडे हे कळणारच नाही. पण ते हजेरीचं बटण दाबताना, ॲप समोर असताना. कायम कशाला?

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की लोकेशन अचूक पण वापरात असतानाच, माइक दर वेळी विचारून, आणि कॉन्टॅक्ट्सची परमिशन ॲपमधून काढूनच टाका. कुणाला सहकारी जोडायचाच असेल तर सिस्टिमचा कॉन्टॅक्ट पिकर वापरा, त्यात माणूस स्वतः एक नाव निवडतो आणि ॲपला तेवढंच मिळतं, परमिशन लागत नाही. (आयफोनवर आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ पासून, कॉन्टॅक्ट्स मागणाऱ्या ॲपला निवडक नावंच देता येतात, तो पर्याय आला की तोच घ्या.)

व्हेंडर पुढच्या व्हर्जनला तयार झाला. जुन्या याद्या पुसायला मात्र तो टाळाटाळ करत होता, "नवीन काही जाणार नाही ना, मग झालं" म्हणे. मी सही अडवून धरली. शेवटी त्यांनी पुसल्याचं लेखी दिलं, बॅकअपमधून कधी जाणार त्या तारखेसकट, आणि मैत्रिणीने तो कागद काउन्सेलरनाही पाठवला, कारण त्यांचा नंबरही त्याच यादीत होता आणि त्यांना तर कुणी कधी विचारलंच नव्हतं.