गाभारा आणि गोधडी

देवळाच्या गाभाऱ्यात नुसतं ‘विठ्ठल’ म्हटलं तरी ते दगडाला लागून परत येतं आणि अंगावर काटा येतो. म्हणून पोथी रेकॉर्ड करायला बसणारे बरेच जण घरातली घुमणारी जागा मुद्दाम शोधतात. रिकामा हॉल, जिना, कधी चक्क न्हाणीघर. तिथे म्हणताना स्वतःचा आवाज भारदस्त वाटतो. फोनवर ऐकणाऱ्याला मात्र ‘कोणीतरी लांबच्या खोलीत पोथी वाचतंय’ एवढंच कळतं.

ओवीची घडणच अशी आहे की हा घुमारा तिच्यात फार उघडा पडतो. साडेतीन चरणांची ओवी. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांत गुंफलेले आणि शेवटचा आखूड. त्या आखूड चरणानंतर वाचणारा थांबतो, आणि त्या विसाव्यातच अर्थ मनात उतरतो. खोली घुमत असेल तर तो विसावा रिकामा राहत नाही. मागच्या अक्षरांचं शेपूट त्यात लोंबकळत राहतं. शिवाय जुन्या मराठीतली अनुस्वारयुक्त, जोडाक्षरी रूपं आधीच कानाला अनोळखी असतात. त्यांवर त्यांचीच सावली पडली की ऐकणारा अर्थ सोडून देतो आणि फक्त चाल ऐकत बसतो.

गाभाऱ्याचा भास नंतर कुठल्याही साध्या ॲपमध्ये चवीपुरता घालता येतो. एकदा आवाजात मुरलेला घुमारा मात्र धड काढता येत नाही. वरणात मीठ जास्त झाल्यासारखंच ते. तेव्हा रेकॉर्डिंग कोरडं करावं, आणि त्यासाठी घरात लागतं ते सामान बहुधा माळ्यावर किंवा दिवाणात पडलेलंच असतं.

फ्लॅटमधली नेहमीची खोली घेऊ. दहा बाय बारा, खाली टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत गिलावा. मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवावी. मागे ‘टर्रर्र’ असा पत्र्यासारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाजाचा चेंडू एकमेकींकडे टोलवतायत असं समजावं. दहा फुटांच्या खोलीत आवाज भिंतीला लागून इतक्या लवकर परततो की वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. तो मूळ आवाजातच मिसळतो आणि त्याला पोकळ करतो.

घरातली बहुतेक मंडळी इथे सोलापुरी चादर आणि खिडकीचे पडदे लावून मोकळी होतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. पातळ कापड फक्त वरचा, तीक्ष्ण आवाज पितं. स, श, च यांची धार बोथट होते, पण खालचा गुरगुरणारा भाग तसाच भिंतींवर आपटत राहतो. परिणामी आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. त्यावर आणखी चार चादरी टांगल्या तर डबा अधिकच बंद होतो. इथे जाडी लागते. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ, कापसाची रजई, लोकरीची घोंगडी किंवा थेट कापसाची गादी. फोमची गादी चालते, पण तिच्यावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन आधी काढायला हवं. ते आवाज आत शिरू देत नाही, परत फेकतं. आणि एक युक्ती: गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार-सहा इंच पुढे टांगली तर तीच गोधडी जास्त खालचा आवाजही पिते. भिंतीला लागून हवेची हालचाल जवळपास थांबलेली असते, थोडं पुढे ती मोकळी असते, आणि कापूस अडवतो ती हालचालच.

मांडणी अशी. कोपरा टाळावा, कारण खालचा आवाज तिथेच साठतो; खोलीचा बरोबर मध्यही टाळावा. भिंतीपासून साधारण तीन-चार फुटांवर सतरंजी दुहेरी घालून बसावं. पाठीमागच्या भिंतीला गादी उभी करावी. समोर कपडे वाळवायचा घडीचा स्टँड उघडून त्यावर दोन गोधड्या अशा टाकाव्यात की समोर आणि दोन्ही बगलांना आडोसा होईल. पाठीमागची गादी लोक हमखास विसरतात. तोंडातून निघालेला आवाज पुढे जातो हे खरं, पण फोनचा माईक बोलणाऱ्याकडे तोंड करून असतो, त्यामुळे त्याला बोलणाऱ्याच्या खांद्यांवरून मागची भिंतच ‘दिसते’.

फोन नुसत्या लाकडी पाटावर ठेवू नये. पाटावरून उसळलेला आवाज आणि थेट आलेला आवाज एकमेकांना काही ठिकाणी खाऊन टाकतात. पाटावर टॉवेलच्या चार घड्या घालाव्यात आणि फोन उशीला टेकवून उभा करावा. मुख्य माईक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो; ती कड तोंडाकडे यावी म्हणून फोन उलटा ठेवावा लागला तर खुशाल ठेवावा. अंतर एक वीत. हे अंतर सगळ्या गोधड्यांहून जास्त काम करतं. ते निम्मं केलं की थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. फक्त फोन तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापाशी थोडा बाजूला हवा. ‘भक्त’, ‘फळ’, ‘पांडुरंग’ म्हणताना सुटणारा हवेचा झोत मग माईकच्या बाजूने निघून जातो. पोथी मांडीवर नको. मान खाली गेली की प्रत्येक ओवीला अंतर बदलतं. ती डोळ्यांच्या उंचीला हवी.

फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. ॲपमध्ये WAV आणि 48 kHz निवडावं, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी किंवा गोंगाट गाळणारी सोय बंद करावी. ती चालू राहिली तर विसाव्यात खोलीची सूं सूं वर चढते आणि ओवी सुरू झाली की दबते. कधी शेवटचं हळू अक्षरच गिळलं जातं.

मग परीक्षा. ‘विठ्ठल’ म्हणून झटकन थांबावं आणि हेडफोनवर ऐकावं. ‘ठ्ठ’चा ठोका एकेरी आणि ‘ल’ जिथल्या तिथे संपलेला असेल तर झालं. ‘ल’नंतर धूर राहिलाच तर आधी डोक्यावर बघावं, कारण छत उघडंच असतं. स्टँडवरून पाठीमागच्या गादीपर्यंत एक रजई टाकली की बहुधा भागतं. आवाज डब्यातला वाटला तर गोधडी वाढवू नये, समोरचा स्टँड फूटभर मागे सरकवावा.

एक गोष्ट मात्र गोधडीच्या हातात नाही. ती आतला आवाज पिते, बाहेरचा अडवत नाही. रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी, खिडकीतली पारवी हे सगळं जसंच्या तसं येतं. त्यावर इलाज काकड आरतीची वेळ, पहाटे साडेचार-पाच. पंखा बंद असल्याने मे महिन्यात त्या तंबूत दहा मिनिटांहून जास्त बसवत नाही. अध्याय तुकड्यांतच वाचावा लागतो.

उठण्यापूर्वी अर्धा मिनिट रेकॉर्डिंग चालू ठेवून गप्प बसावं. पान उलटल्याची खसखस किंवा चुकलेला शब्द नंतर कापला की तिथे भोक पडतं, आणि त्यात निव्वळ शून्य घातलं तर कानाला लगेच खटकतं. त्या जागी त्याच खोलीतली, त्याच पहाटेची शांतता ठिगळासारखी लावावी लागते.