पाडव्याचा मेसेज

दिवाळीत बँकेच्या कॅश काउंटरवर सगळ्यात जास्त मागणी कशाला असेल, तर कोऱ्या नोटांना. लक्ष्मीपूजनाला दहाची गड्डी आणि पाडव्या-भाऊबीजेच्या ओवाळणीला शंभर-दोनशेच्या करकरीत नोटा. नरक चतुर्दशीला आमची शाखा सुरू होती आणि पुढचे दोन दिवस सुट्टी. म्हणजे साडेदहाला शटर वर गेलं की दुपारपर्यंत पाणी प्यायलाही उसंत नाही, हे ठरलेलंच. मी हेड कॅशियर. शेजारच्या काउंटरवर जी बसते ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. श्रावणात तिचे मिस्टर गेले. ही तिची पहिली दिवाळी.

माझी एक जुनी मैत्रीण आधी याच काउंटरवर होती, मग कोल्हापूरला बदली होऊन गेली. फोनमध्ये तिचं नाव मी 'काउंटर जुनी' असं ठेवलं होतं. आणि आमच्या अकराजणांच्या ग्रुपचं नाव 'काउंटर'. आता कळतं, की ही चूक कधीतरी होणारच होती. रांगोळीचं चित्र निवडलं, पाठवायच्या यादीत 'काउ' एवढंच टाइप केलं आणि वर आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. खाली ओळ लिहिली होती: 'नवऱ्याला ओवाळायच्या आधी ताटात किती पडणार ते विचारून घे. गेल्या वर्षीसारखी पाचशेवर बोळवण करून घेऊ नकोस. शुभ दीपावली!' फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि टोकन घ्यायला लागले.

दोन वाजता डबा उघडताना फोन पाहिला. ग्रुपवर माझा मेसेज, त्याखाली दोन पोरांची हसणारी उत्तरं, दोन्हींच्या डोक्यावर माझं वाक्य अवतरणासारखं चिकटलेलं. हातातला घास तसाच राहिला. मेसेज दाबून धरला, इन्फो उघडलं. तिने सकाळी अकरा दहाला वाचला होता. एरवी तिच्या निळ्या खुणा बंद असतात, पण ग्रुपमध्ये ती सोय चालत नाही, तिथे कोणी कधी वाचलं ते दिसतंच. म्हणजे मेसेज वाचून तीन तास ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसून लोकांना ओवाळणीच्या नोटा मोजून देत होती. मधे मी तिच्याकडे शंभरच्या दोन गड्ड्या मागितल्या, तेव्हा तिने त्या न बोलता सरकवल्या होत्या. गर्दीमुळे गप्प असेल, असं मला वाटलं होतं.

मेसेज दुरुस्त करायला पंधराच मिनिटं मिळतात, ती कधीच उलटून गेली होती. सगळ्यांसाठी काढून टाकायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ असतो, म्हणून तो काढला. तरी तिथे 'मेसेज काढला' ही पाटी राहते, आणि ज्यांनी तो जोडून उत्तर दिलंय त्यांच्या उत्तरात मूळ शब्द तसेच दिसतात. ते मला काढता येईनात. मग घाईने माफी लिहिली: 'सॉरी, चुकून इथे आला, माझ्या मैत्रिणीसाठी होता, कृपया कोणी मनावर घेऊ नये.' पाठवणार एवढ्यात पुन्हा वाचली. 'कोणी' म्हणजे कोण, हे अकराही जणांना कळलं असतं. सगळ्यांची नजर तिच्याकडे गेली असती. शिवाय मनावर घेऊ नये हे सांगणारी मी कोण? लागलं तिला, आणि ते न लागल्यासारखं दाखवायचं कामही तिलाच? पुसून टाकली.

शिपाई मामांना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ग्रुपचं राहू द्या. आधी माणसाशी बोला."

ते मलाही पटलं. पण जेवणाच्या खोलीत सहाजण होते, बाहेर रांग होती. चार वाजता कॅश क्लोजिंगला ती तिच्या पेटीतली रक्कम माझ्याकडे जमा करते तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघीच असतो. तेव्हा बोलायचं असं मी ठरवलं. समजूतदारपणा केला असंच मला वाटलं.

चार वाजता ती आली. पाचशेच्या गड्ड्या लावल्या, मशीन फडफडून थांबलं. मी म्हटलं, "अगं, सकाळचा तो मेसेज मी पाठवला. तुझ्या डोळ्यांसमोर तो यायला नको होता. माझी चूक आहे, मला फार वाईट वाटतंय." कोणासाठी होता, यादीत नाव कसं वर आलं, ते काही सांगितलं नाही. ते सांगायला लागलं की माफी बाजूला राहते आणि ऐकणाराच "असू दे हो" म्हणून आपली समजूत काढायला लागतो.

ती गड्डीला रबर लावत होती. रबर तुटलं. दुसरं घेत म्हणाली, "मॅडम, मेसेजचं काही नाही. घरोघरी पाडवा आहेच. पण तुम्ही दोन वाजता तो काढलात. मला दिसलं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग दोन तास तुम्ही माझ्याकडे बघत पण नव्हतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सावकाश, एकांतात बोलायचं म्हणून मी थांबले, आणि ते दोन तास तिला टाळल्यासारखे गेले. दोन वाजता काउंटरवर परत येताना तिच्या खुर्चीपाशी वाकून "मेसेज माझ्याकडून चुकला, चार वाजता बोलते" एवढं पुटपुटले असते तरी पुरलं असतं. तेही मी तिला सांगितलं. ती थोडी रडली. मीही. मग तिच्याच लक्षात आलं की दोनशेच्या नोटा मोजायच्या राहिल्यात.

ग्रुपवर काय टाकू, ते तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नको, आणि ते सगळ्यांचे हात जोडलेले नकोत." मी लिहिलं: 'सकाळी दुसऱ्या कुणासाठीचा मेसेज माझ्याकडून इथे आला, तो काढलाय. त्यावरची उत्तरंही काढावीत. यावर उत्तर देऊ नये.' त्या दोन पोरांना वेगळं, फोनवर सांगितलं. त्यांनी निमूट काढली. त्यांचा काय दोष, सणाचा विनोद वाचून पोरं हसली होती. उत्तर देऊ नये असं लिहूनही मॅनेजरसाहेबांचं 'नो प्रॉब्लेम मॅडम' आणि जोडलेले हात आलेच. ती स्क्रीनकडे बघून पहिल्यांदा हसली.

यंदा तिच्या घरी काही तळायचं नव्हतं. आमच्याकडे अशा घरी शेजारपाजारचे फराळ नेऊन देतात. मी तो त्याच दिवशी नेणार होते, मग वाटलं, आज नेला तर चुकीची भरपाई केल्यासारखं दिसेल. भाऊबीजेला नेला, सगळे नेतात तसा.

मेसेजच्या त्याच दिवशी, शटर खाली येताना तिने विचारलं, "ज्यांना तो मेसेज जायचा होता, त्यांना गेला का मग?"

"नाही."

"मग पाठवा की. पाडवा परवाच आहे."

बसस्टॉपवर उभी राहून मी आधी मैत्रिणीचं नाव बदललं, 'कोल्हापूर' केलं. मग पाठवला. ओवाळणीची ओळ तेवढी वगळली.