दोन्ही एंट्र्या जुळल्या, तरी बॅच परत आली (माझा अनुभव)

मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या सर्वेचं डेटा एंट्रीचं काम मिळालं होतं. कापूस शेतकऱ्यांचे कागदावर भरलेले फॉर्म, पन्नास फॉर्मांचा एक गठ्ठा म्हणजे एक बॅच, आणि प्रत्येक फॉर्मात ३४ रकाने. एकच बॅच दोघांनी वेगवेगळी टाइप करायची, एकमेकांचं न बघता. पहिली एंट्री माझी, दुसरी माझ्या वहिनीची. ती दुपारी स्वयंपाक आटोपून यायची आणि माझ्यापेक्षा फास्ट टाइप करायची, हे आधीच कबूल करून टाकते.

सरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की दुसरी एंट्री पहिलीवरून कॉपी केली तर मला लगेच कळतं. कसं कळतं ते तेव्हा नाही समजलं, नंतर समजलं. दोन माणसांच्या दोन एंट्रीत एकही फरक नाही असं होतच नाही, त्यामुळे फरकांची यादी कोरी आली की ती चांगली खूण नसते.

दोन्ही शीटा झाल्या की तिसऱ्या शीटमध्ये हा फॉर्म्युला सगळ्या रकान्यांना ओढायचा, जिथं फरक तिथं X येतो:

```
=IF(EXACT(First!C2,Second!C2),"","X")
```

आमच्या पहिल्या बॅचमध्ये पन्नास फॉर्म गुणिले ३४ रकाने म्हणजे १७०० घरं, त्यांत ४१ X आले. मी घाबरले, सर म्हणाले ठीक आहे, निदान कॉपी नाही केली. निम्म्याहून जास्त तर नावातले फरक होते, ळ आणि ल, ह्रस्व दीर्घ, आणि काही ठिकाणी वहिनीकडून नावाच्या शेवटी स्पेस पडलेली, ती डोळ्याला दिसत नाही पण फॉर्म्युल्याला दिसते. बाकी आकडे. मी 27 टाकलेलं, तिनं 72, असं. इथं नियम असा की दोघींपैकी कोणाचं बरोबर वाटते ते ठरवायचं नाही, दर X ला कागदी फॉर्म काढायचा आणि तिसऱ्यांदा वाचायचा. मला वाटलं कशाला एवढा उपद्व्याप, पण तीन ठिकाणी दोघींचंही चुकलेलं निघालं! एका ठिकाणी मी 35, वहिनीनं 53, आणि कागदावर 55.

तर सगळे X मिटवले, यादी कोरी झाली आणि आम्ही बॅच देऊन टाकली. दोन दिवसांनी परत आली.

सरांनी काय केलं होतं, तर पन्नासातले पाच फॉर्म कुठूनही उपसले आणि त्यातला एकेक रकाना कागदाशी ताडून पाहिला, म्हणजे १७० घरं. दोन चुकलेली सापडली आणि दोन्हींत आमच्या एंट्र्या तंतोतंत जुळत होत्या. एका फॉर्मात क्षेत्र १.६० हेक्टर, म्हणजे साधारण चार एकर, आणि कापूस ९२ क्विंटल.

मी कास्तकाराची पोरगी. कोरडवाहूत एकरी तेवीस क्विंटल कापूस कोणाच्या वावरात होते? बाबाला सांगितलं तर ते म्हणाले, "त्या माणसाचा पत्ता घेऊन ये मले, पाय धरतो त्याचे." खरं म्हणजे टाइप करताना डोकं बंदच असतं, डोळ्यातून बोटात जाते आणि संपलं.

फॉर्म काढून नीट पाहिला. सर्वे करणारा पोरगा मराठी आकडे लिहायचा, बाकीचे इंग्रजी. त्यानं '१२' लिहिलं होतं आणि त्याचा मराठी १ हुबेहूब इंग्रजी 9 दिसत होता. मी 92 वाचलं, वहिनीनंही 92 वाचलं. त्याचा ४ 8 सारखा आणि ७ 6 सारखा, हे पुढं लक्षात आलं. सरांनी तेव्हा समजावलं ते मला आजही पटतं, दोघींची बोटं एकाच जागी सारखीच घसरणं फार कठीण, म्हणून बोटांची चूक दोनदा टाइप केल्यावर सापडते. पण कागदच फसवत असेल तर दोघींनाही सारखाच फसवतो, तिथं दुसरी एंट्री काही कामाची नाही.

मग चेक कुठं होता? होता की, उत्पादन ० ते १०० क्विंटल चालेल असा. 92 त्यात आरामात बसते. एकटा रकाना पाहून ही चूक दिसणारच नव्हती, क्षेत्र आणि उत्पादन सोबत पाहिलं तरच दिसते. म्हणून नवीन रकाना टाकला, G मध्ये हेक्टर, H मध्ये क्विंटल:

```
=IF(H2/G2>30,"पाहा","")
```

यात "पाहा" म्हणजे चूक नाही, फक्त कागद परत पाहायचा. ओलिताचा एखादा खरंच जास्त पिकवणारा निघू शकतो, त्याचं उत्पादन आपण कापायचं नाही. त्या पोराचे १४ फॉर्म होते, त्यात सहा ठिकाणी "पाहा" आलं. चार जागी १ चा 9 झालेला. एक खरोखर ओलिताचा निघाला. आणि सहाव्यात क्षेत्र 0.5 होतं आणि कापूस २० क्विंटल, तिथं मी अडकले. सातबाऱ्यावर शंभर आर म्हणजे एक हेक्टर, त्यामुळे ५० आर असेल तर 0.50 आणि ५ आर असेल तर 0.05 लिहायला पाहिजे, याचं 0.5 म्हणजे काय समजायचं? ५० आर धरलं तरी उत्पादन जास्तच दिसत होतं. वहिनी म्हणे, "टाक वं अंदाजानं, कोण पायते." मी नाही टाकलं, चिठ्ठी लावून फॉर्म परत पाठवला. उत्तर आलं की एक हेक्टर पाच आर, 1 च्या जागी 0 पडला होता आणि 5 च्या आधीचा 0 राहिला होता! कोणताच अंदाज बरोबर आला नसता. त्यानंतर क्षेत्राचे दोन रकाने केले, हेक्टर वेगळं आणि आर वेगळं, आर मध्ये ० ते ९९ च चालेल.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. मोबाइल नंबरला चेक एवढा कडक होता की दहा अंक झाल्याशिवाय पुढं जाऊच द्यायचा नाही. एका फॉर्मात नऊच अंक होते. रात्रीचे साडेनऊ, लाइन जाते की काय अशी भीती, मी शेवटी एक 0 ठोकला आणि पुढं गेले. वहिनीनं काय केलं असेल? तिनंही 0 च ठोकला. मस्त जुळलं. सरांनी विचारलं तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहत बसलो. सर रागावले, पण चेक त्यांनीच सैल केला, आता नंबर अपुरा असेल तर आहे तेवढाच टाकायचा आणि बाजूच्या रकान्यात "अपुरा" लिहायचं. माझं मत तर असं झालंय की जो चेक माणसाला पुढंच जाऊ देत नाही तो माणसाला खोटं टाइप करायला शिकवतो.

त्या बॅचचे पन्नासही फॉर्म आकड्यांपुरते परत पाहावे लागले, फुकटात. पुढच्या बॅचमध्ये X १९ आले, आणि सरांच्या पाच फॉर्मांत एका नावाची वेलांटी सोडून काही निघालं नाही.

त्या पोराला सरांनी फोन करून सांगितलं, भाऊ, इंग्रजीत लिहीत जा आकडे. तो लिहायला लागला. पण त्याच्या इंग्रजी 1 ला वरून एवढी लांब शेंडी असते की वहिनी पहिलाच फॉर्म हातात घेऊन म्हणाली, "बाई वं, आता हा एक हाय का सात?"